घर, शिक्षण, प्रवास : पुढचा रुपया कुणाचा?

पुण्यात ऐंशी लाखांचा तयार फ्लॅट पसंत पडतो. बँक सांगते, चौसष्ट लाखांपर्यंत कर्ज मिळेल. म्हणजे सोळा लाखांचीच सोय करायची, असा घरात समज होतो आणि तो चार-आठ दिवस टिकतो. मग मुद्रांक शुल्क समोर येते. पुणे महापालिकेच्या हद्दीत अधिभारासकट ते सात टक्के पडते, म्हणजे पाच लाख साठ हजार. नोंदणीचे तीस हजार वेगळे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तीस ते पंचाहत्तर लाखांच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते आणि या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरली जात नाही. त्यामुळे ती रक्कम पूर्णपणे खिशातून जाते. त्यावर कपाटे, ओटा, पंखे-दिवे, सामान हलवणे यांचे चार-पाच लाख. सोळाचे सत्तावीस लाख होतात. इमारत बांधकामाधीन असेल तर पाच टक्के जीएसटीचे आणखी चार लाख.

हे सत्तावीस लाख उभे करताना ठेवी मोडल्या जातात, पीएफमधून पैसे काढले जातात, सोने गहाण पडते, भावाकडून हातउसने घेतले जातात. हप्ता सुरू झाला की मुलीच्या शिक्षणासाठी काही उरत नाही आणि आजी-आजोबांना घेऊन जायची सहल ‘पुढच्या वर्षी’वर जाते. तिन्ही गोष्टींचा क्रम ठरलेला असतो, पण तो कुणी बसून ठरवलेला नसतो. जिचा धनादेश सर्वांत आधी द्यावा लागला, ती पहिली आली. बाकीच्यांना उरलेले मिळाले.

भारतीय कुटुंबांच्या बाबतीत हे घरालाच झुकते माप नेहमीचे आहे. तरुण रामदोराई यांच्या अध्यक्षतेखाली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने २०१७ मध्ये कौटुंबिक अर्थव्यवहारांवर अहवाल दिला. त्यानुसार सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेचा ८४ टक्के भाग जमीन, घर आणि इतर वस्तूंमध्ये असतो, ११ टक्के सोन्यात आणि ठेवी, विमा, निवृत्तिनिधी, समभाग हे सगळे मिळून अवघा ५ टक्के. मालमत्ता असूनही गरजेच्या दिवशी मोडता येईल असा पैसा हाताशी नसणे, ही या आकड्यांची घरातली बाजू. फ्लॅटची एक खोली विकून मुलीची फी भरता येत नाही.

मग क्रम लावायचा कसा? या प्रश्नावर आजवर जी उत्तरे दिली गेली आहेत, त्यांतली तीन-चार वारंवार भेटतात.

सर्वांत जुने उत्तर गरज, सोय आणि हौस या तीन कप्प्यांचे. शिक्षण गरज, घर गरज किंवा सोय, प्रवास हौस. ऐकायला बिनतोड वाटते, पण प्रत्यक्षात ते फार थोडे ठरवते. मुलीचे पदवीपर्यंतचे शिक्षण आणि परदेशातली पन्नास लाखांची पदव्युत्तर पदवी या दोन्ही ‘शिक्षणा’तच मोडतात. डोक्यावर छप्पर ही गरज आहे, तिसरी बेडरूम नाही. तरी दोन्ही ‘घर’ याच शब्दाखाली येतात. गरजेच्या नावाने सुरू झालेला खर्च हौसेपर्यंत कधी पोहोचला, हे कप्प्यांवरून कळत नाही.

दुसरे उत्तर आर्थिक सल्लागारांच्या तक्त्यातले. प्रत्येक उद्दिष्टाची आजची किंमत घ्यायची, महागाईने वाढवायची आणि दरमहा किती बाजूला टाकावे लागेल ते काढायचे. तक्ता उपयोगी आहे, कारण तो मोघम इच्छांना रक्कम आणि तारीख देतो. पण त्याच्या शेवटची बेरीज बहुतेक वेळा घरच्या बचतीपेक्षा मोठी येते, आणि तिथे तक्ता थांबतो. काय कापायचे, हे त्यात कुठेच नसते.

तिसरे उत्तर कर्जावरून येते. घराला कर्ज मिळते, शिक्षणाला मिळते, म्हातारपणाच्या रोजच्या खर्चाला कुणी देत नाही. म्हणून स्वतःची बचत आधी निवृत्तीकडे वळवावी. हे तत्त्व भक्कम आहे. राहते घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा पैसे घेण्याची, म्हणजे रिव्हर्स मॉर्टगेजची योजना भारतात २००७ पासून आहे, पण ती फारशी रुजली नाही. म्हातारपणी घर ‘खाता’ येईल या भरवशावर राहता येत नाही. मात्र कर्ज मिळते म्हणून ते परवडते असे होत नाही, आणि प्रवासाचे काय करायचे हेही या तत्त्वातून कळत नाही.

चौथी बाजू मानसशास्त्राची, आणि तिने या विषयात खरी भर घातली आहे. दिलीप सोमण आणि मिन झाओ यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की बचतीसाठी एकच उद्दिष्ट समोर ठेवलेली माणसे अनेक उद्दिष्टे समोर असलेल्यांपेक्षा जास्त बचत करतात. अनेक उद्दिष्टे एकदम दिसली की मन त्यांची आपसांत तुलना करत राहते आणि प्रत्यक्ष पैसे बाजूला टाकणे मागे पडते. याच सोमण यांनी अमर चीमा यांच्याबरोबर ग्रामीण भारतातल्या मजुरांसोबत केलेल्या अभ्यासात बचतीचे पैसे वेगळ्या पाकिटात बंद करून दिले होते. पाकिटावर मुलांचा फोटो असला की बचत वाढली. पैशाला नाव आणि चेहरा मिळाला की तो मोडताना हात अडखळतो.

आणखी एक निष्कर्ष प्रत्येक घराने लक्षात घ्यावा असा आहे. सॅम्युएल बाँड, कर्ट कार्लसन आणि राल्फ कीनी यांनी २००८ मध्ये दाखवले, की महत्त्वाच्या निर्णयाआधी माणसांना आपली उद्दिष्टे लिहायला सांगितली तर जवळपास निम्मी सुटून जातात. नंतर तयार यादी दाखवली की ‘अरे, हेही महत्त्वाचेच आहे’ असे तीच माणसे म्हणतात. घर, शिक्षण, प्रवास ही यादी ओठांवर असते. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, एकाची नोकरी सहा महिने गेली तर काय, गावाकडच्या घराचे गळके छप्पर, पत्नीला दोन वर्षे थांबून पुन्हा शिकायचे आहे, हे सहसा यादीत नसते. म्हणून नवरा-बायकोने यादी आधी वेगवेगळी लिहावी आणि मग एकत्र ठेवावी. एकीच्या कागदावर असलेली आणि दुसऱ्याच्या कागदावर नसलेली ओळ हीच बहुधा पुढच्या भांडणाची जागा असते.

या सगळ्या पद्धती उद्दिष्टांना अखंड धरतात: घर आधी, की शिक्षण? असा प्रश्न विचारला की उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही हवेच असतात. प्रत्येक उद्दिष्टाचे थर केले की मात्र क्रम लागतो. घराचा पहिला थर म्हणजे मुलीची शाळा बदलणार नाही इतके स्थैर्य. दुसरा स्वतःच्या नावावरचे साधे दोन बेडरूमचे घर. तिसरा मोठे, नवे, हव्या त्या भागातले. शिक्षणाचा पहिला थर इथली पदवी, दुसरा पदव्युत्तर, तिसरा परदेश. प्रवासाचा पहिला थर वडीलधाऱ्यांना घेऊन एकदा जायचे ठिकाण आणि वर्षातून एक छोटी सहल, वरचा थर युरोप. आता शिक्षणाचा पहिला थर घराच्या तिसऱ्या थराआधी यावा, यावर क्वचितच कुणाचे दुमत होईल. प्रवासाचा पहिला थर शिक्षणाच्या तिसऱ्या थराआधी यावा का, यावर निदान बोलता येते.

थरांचा क्रम लावताना तीन गोष्टी विचारायच्या. तारीख सरकते का? दुसऱ्याचा पैसा मिळतो का, आणि तो कुणाच्या डोक्यावर बसतो? हा थर कमी केला तर कायमचे काय जाते?

तारखेच्या प्रश्नात प्रवासाबद्दलचा रूढ समज उलटतो. घराची तारीख दोन-तीन वर्षांनी सरकली तर नुकसान मोजता येते: भाडे आणि वाढलेली किंमत. अठराव्या वर्षीची प्रवेशाची तारीख सरकत नाही, पण ती दहा वर्षे आधी माहीत असते. आजोबांची तारीख कुणालाच माहीत नसते. केदारनाथ साडेतीन हजार मीटरपेक्षा उंचावर आहे आणि गौरीकुंडपासून सुमारे सोळा किलोमीटरची चढण आहे. अडुसष्टाव्या वर्षी ही यात्रा घोड्यावरून किंवा पालखीतून जमू शकते. पंचाहत्तराव्या वर्षी डॉक्टर कदाचित परवानगीच देणार नाहीत. मुलीचेही तसेच. आठ ते चौदा या वयात ती आई-वडिलांबरोबर आनंदाने हिंडते, मग दहावी, मग बारावी, मग तिचे स्वतःचे मित्रमैत्रिणी. ज्याला हौस म्हणून शेवटी ढकलले जाते, त्याच्या पहिल्या थराची मुदत सर्वांत आधी संपते. त्याची रक्कमही सर्वांत लहान असते.

आता एक नमुन्याचे कुटुंब घेऊन हे सगळे आकड्यांत उतरवता येईल. पिंपरी-चिंचवडमधले जोडपे, वय सदतीस आणि पस्तीस, दोघांचा मिळून हातात येणारा पगार एक लाख चाळीस हजार. मुलगी आठ वर्षांची. वाकडला भाड्याचे घर, भाडे चोवीस हजार. ते धरून महिन्याचा खर्च पंच्याण्णव हजार. दरमहा पंचेचाळीस हजार उरतात. ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून पंधरा लाख, पीएफ वेगळा. आजी-आजोबा साताऱ्याला. हवे काय? ऐंशी लाखांचा फ्लॅट दोन वर्षांत, मुलीसाठी अभियांत्रिकीसारखी पदवी, तीन वर्षांत पाच लाखांची परदेश सहल.

आधी तक्ता मांडू. पंधरा लाखांतले चार लाख अडीअडचणीसाठी बाजूला ठेवले तर अकरा उरतात. घराची सुरुवातीची सत्तावीस लाखांची रक्कम दोन वर्षांत जमवायला दरमहा साठ हजारांच्या आसपास लागतील. चार वर्षांची पदवी वसतिगृहासह आज बारा लाखांना पडते असे धरले आणि खर्च वर्षाला आठ टक्क्यांनी वाढला, तर दहा वर्षांनी ती सव्वीस लाख होते. गुंतवणुकीवर आठ टक्के परतावा धरला तर दरमहा चौदा हजार. परदेश सहलीसाठी साडेबारा हजार. बेरीज पंच्याऐंशी हजारांपुढे, बचत पंचेचाळीस. निवृत्तीचे नावही अजून आलेले नाही.

तरी घर आत्ताच घ्यायचे ठरवले तर काय होते? आठ टक्के व्याजाने, वीस वर्षांसाठी चौसष्ट लाखांचा हप्ता साडेत्रेपन्न हजार. भाडे वाचते, सोसायटीचा देखभाल खर्च चार हजार वाढतो. पंचेचाळीस हजारांतून साडेतेहतीस हजार जातात आणि साडेअकरा हजार उरतात. शिक्षणाला चौदा लागत होते. अडचणीसाठी ठेवलेले चार लाख घरातच गेलेले, हातउसने फेडायचे बाकी, पीएफ अर्धा रिकामा. या अवस्थेतल्या कुटुंबाला पुढच्या वर्षी एक छोटे ऑपरेशन निघाले की ते क्रेडिट कार्डावर किंवा वैयक्तिक कर्जावर जाते. घर चुकीच्या थरावर घेतले गेल्याचे पहिले लक्षण हेच: ताबा मिळाल्यानंतर वर्षभरात दुसरे, जास्त व्याजाचे कर्ज निघणे.

पीएफला हात लावण्याबद्दल एक साधा हिशेब पुरेसा आहे. कर्मचारी भविष्य निधीवर २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. आठ टक्क्यांचे कर्ज कमी घेण्यासाठी सव्वाआठ टक्के देणारा पैसा मोडण्यात काही मिळत नाही, आणि निवृत्तीचा एकमेव भरलेला थर मात्र खरवडला जातो.

आता थर लावून पाहू. हे जोडपे घराचा तिसरा थर सोडते आणि साठ लाखांच्या पुनर्विक्रीच्या दोन बेडरूमच्या घराकडे वळते. इमारत दहा-बारा वर्षांची, स्टेशनपासून थोडी लांब, पण मुलीची शाळा तीच. खरेदी दोन वर्षांनी. तोवर भाव वर्षाला पाच टक्क्यांनी वाढला तर घर सहासष्ट लाखांचे होते. वीस टक्के स्वतःचे, मुद्रांक, नोंदणी आणि तीन लाखांची डागडुजी मिळून एकवीस लाखांच्या थोडे वर लागतात. हातातले अकरा लाख ठेवीत दोन वर्षांत कर वजा जाता बारा लाखांच्या पुढे जातात, दरमहा पस्तीस हजार टाकले तर आणखी नऊ लाखांच्या जवळ. जेमतेम जमते. अडचणीसाठीच्या चार लाखांना आणि पीएफला हात लागत नाही.

पंचेचाळीसातले उरलेले दहा हजार या दोन वर्षांत वाटायचे: सहा शिक्षणाला, चार प्रवासाला. सोमण-झाओ यांच्या निष्कर्षाशी हे विसंगत वाटेल, पण नाही. मोठे, लक्ष वेधणारे उद्दिष्ट एकच आहे, घराचा धनादेश. बाकी दोन रकमा पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळत्या होतात आणि त्यांच्यावर महिन्या-महिन्याला चर्चा होत नाही. प्रवासाचे चार हजार वेगळ्या आवर्ती ठेवीत किंवा नात्यातल्या विश्वासाच्या भिशीत, ‘आजी-आजोबा’ असे नाव देऊन. दोन वर्षांत शहाण्णव हजार, म्हणजे पाच जणांची रेल्वेने केलेली एक चांगली यात्रा आणि जवळची एखाद-दुसरी सहल.

पगार आणि बाकी खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी आणि भाडे पाच टक्क्यांनी वाढले असे धरले, तर दोन वर्षांनंतर बचतीची ताकद एक्कावन्न हजारांच्या आसपास असते. त्रेपन्न लाखांच्या कर्जाचा हप्ता सव्वाचव्वेचाळीस हजार. वाचलेले भाडे वजा करून आणि देखभाल खर्च धरून घराचा जादा भार बावीस हजारांच्या आत. एकोणतीस हजार शिल्लक. शिक्षणाची रक्कम आता वाढवून सतरा हजार करावी लागते, कारण पहिली दोन वर्षे ती मागे पडली होती. प्रवासाला पाच. सात हजार मोकळे.

हे सात हजार मोकळे वाटतात, पण त्यांचे काम आधीच ठरलेले आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या व्याजाची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडलेली असल्याने वाढ थेट कर्जदारांपर्यंत आली. नुकतेच सात टक्क्यांनी वीस वर्षांचे कर्ज घेतलेल्याचा हप्ता लाखामागे ७७५ रुपये होता. दर साडेनऊ झाला तेव्हा लाखाचे महिन्याचे व्याजच ७९२ रुपये होत होते. हप्ता भरूनही मुद्दल वाढावे, अशी ती स्थिती. मुदत वाढवून ती सुटत नव्हती, हप्ताच वाढवावा लागत होता. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय ग्राहकाला द्या. आपल्या नमुन्याच्या कुटुंबात दर आठवरून दहा टक्के झाला तर हप्ता पावणेसात हजारांनी वाढतो. सात हजार नेमके तिथे लागतात. ज्या घराच्या हिशेबात दोन टक्के वाढ बसत नाही, ते घर एक थर वरचे आहे, असे समजावे.

बांधकामाधीन घरात हा धोका दुप्पट होतो, कारण ताबा लांबला की भाडे आणि हप्ता दोन्ही एकाच पगारातून जातात. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणीकृत पूर्णत्वाची तारीख आणि तिला मिळालेल्या मुदतवाढी दिसतात. बिल्डर तोंडी सांगेल ती तारीख न धरता ही तारीख धरावी आणि तिच्यापुढे वर्षभराचे भाडे हिशेबात घ्यावे.

एक छोटी सवलत इथे सांगण्याजोगी आहे. महाराष्ट्रात निवासी घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. नवऱ्याचे नाव जोडले की ती जाते. सहासष्ट लाखांवर सहासष्ट हजार. कर्जात नवरा सहकर्जदार राहू शकतो. जुन्या करप्रणालीत गृहकर्जाच्या व्याजाची वजावट त्याला मग मिळणार नाही, पण नव्या प्रणालीत राहत्या घरासाठी ती वजावट कुणालाच नाही. प्रवासासाठी दोन वर्षांत जेवढे पैसे जमतात, त्यांच्या सुमारे दोन-तृतीयांश रक्कम एका सहीत वाचते.

शिक्षणाकडे वळताना पैसा कुठे ठेवला आहे, हे क्रमाइतकेच महत्त्वाचे ठरते. मुलगी आठ वर्षांची आहे, म्हणजे दहा वर्षांखालील, म्हणून सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. जानेवारी २०२४ पासूनचा ८.२ टक्के दर आकर्षक आहे आणि व्याज करमुक्त. पण खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी परिपक्व होते. आठव्या वर्षी उघडलेले खाते एकोणतिसाव्या वर्षी. अठराव्या वर्षी किंवा दहावीनंतर शिक्षणासाठी आधीच्या वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंतच रक्कम काढता येते. सगळी सव्वीस लाखांची तयारी इथे केली तर प्रवेशाच्या वेळी निम्मी अडकलेली असेल. जन्मताच उघडलेल्या खात्याला हा दोष कमी लागतो. आठ वर्षांच्या मुलीसाठी ते पदव्युत्तर थराचे किंवा पुढच्या आयुष्याचे खाते आहे. पदवीचा थर साध्या म्युच्युअल फंडात किंवा ठेवीत हवा, आणि बारावीच्या तीन वर्षे आधीपासून शेअरमधून हळूहळू बाहेर काढलेला.

परदेशी शिक्षणाचा वरचा थर आई-वडिलांच्या बचतीत बसवायचा प्रयत्न हे कुटुंब करत नाही. त्यासाठी शैक्षणिक कर्ज आहे: अभ्यासक्रम आणि वर साधारण एक वर्ष हप्त्याला सूट, परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत. पण सूट हप्त्याला असते, व्याजाला नाही. वीस लाख दहा टक्क्यांनी एकरकमी उचलले तर तीन वर्षांत सहा लाख व्याज चढते. हप्त्याहप्त्याने उचलले तर काही कमी. आणि सहकर्जदार आई किंवा वडील असतात. मुलगी पंचविसाव्या वर्षी परतफेड सुरू करेल तेव्हा वडील चौपन्न वर्षांचे असतील. तिला नोकरी लागायला वर्ष लागले तर तो हप्ता निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्या पगारातून जाईल. म्हणून ‘कर्ज मिळते’ हे उत्तर अर्धेच आहे. कर्ज फिटण्याची तारीख आणि आई-वडिलांच्या निवृत्तीची तारीख शेजारीशेजारी लिहून पाहायला हवी.

कुटुंब बदलले की हा क्रम बदलतो, आणि बदलायलाच हवा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि मुलगी असेल, तर २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या मागास, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. तिथे पदवीचा थर राहण्या-जेवण्याच्या खर्चापुरता उरतो आणि तोच पैसा घराकडे वळू शकतो. अशा घरातल्या मुलाला नामांकित संस्थेत प्रवेश मिळाला, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. कोल्हापूर किंवा नाशिकला वडिलोपार्जित घर असलेल्यांसाठी घराचा पहिला थर आधीच भरलेला असतो. तिथे मुंबई-पुण्यात केवळ ‘गुंतवणूक’ म्हणून दुसरा फ्लॅट घेणे हा तिसरा थर आहे, आणि त्यासाठी शिक्षणाचा पैसा थांबवणे समर्थनीय नाही. बदलीची नोकरी असलेल्यांचे घर सर्वांत शेवटी गेले तरी चालते.

सर्वांत अवघड जागा उरते ती आकड्यांबाहेरची. भाड्याच्या घराचा करार महाराष्ट्रात सर्रास अकरा महिन्यांचा असतो. वर्षाला सामान बांधावे लागलेल्या स्त्रीच्या मनात घराचे वजन या कोणत्याही हिशेबात पूर्ण बसणार नाही, आणि तिने घर पहिले म्हटले तर ते चूक नाही. त्यावर स्वस्तातला उपाय बघता येतो: तीन वर्षांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, ठरलेल्या भाडेवाढीसह आणि मालकाने मध्येच घर रिकामे करायला न सांगण्याच्या कलमासह. घराच्या पहिल्या थरातले स्थैर्य बऱ्याच अंशी त्यातून मिळते. तरीही स्वतःचे दार हवे असेल, तर कोणता थर सोडून ते हवे आहे, हे दोघांनी एकमेकांसमोर बोलावे. सोडलेला थर परदेश सहलीचा असेल तर हरकत नाही. तो आजोबांच्या केदारनाथचा किंवा मुलीच्या पदवीचा असेल, तर ज्यांचा थर सोडला जातो आहे, ते त्या खोलीत असायला हवेत.

आणि हा क्रम एकदा लावून संपत नाही. मुलीच्या दहावीच्या वर्षी शिक्षणाचा आकडा नव्याने काढावा लागेल. तिला वाणिज्य किंवा कायद्याकडे जायचे असेल आणि अनुदानित महाविद्यालयात प्रवेश मिळण्याजोगा असेल, तर सव्वीस लाखांची तरतूद जास्तीची ठरेल. तो जादा पैसा त्या वर्षी गृहकर्जाच्या मुद्दलात भरता येईल. तरत्या व्याजाच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँका लावू शकत नाहीत. वैद्यकीय प्रवेशाचा विचार असेल तर उलट होईल: प्रवासाचे पाच हजार दोन वर्षे शिक्षणाकडे वळतील. आजी-आजोबांची यात्रा तोपर्यंत होऊन गेलेली असेल.